आजार गेला, आता ब्रश, बाटली, उशी ठेवायची की टाकायची?

सोमवारची सकाळ होती. आम्ही ओट्यावर बसलो होतो. शेजारच्या वहिनी घाईघाईने आल्या. त्यांच्या हातात एक पिशवी होती. पिशवीत पाच दातांचे ब्रश, पाण्याची एक स्टीलची बाटली आणि उशांचे चार अभ्रे होते.

वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, पोराला फ्लू झाला होता. आता बरा हाय. पन बाया म्हणतात, हे समदं टाकून द्या, न्हाईतर ताप परत येतो. खरं हाय का हो?"

आम्ही विचारले, "नवे घ्यायला किती पैसे लागतील?"

वहिनींनी बोटांवर हिशेब केला. पाच ब्रशांचे 100 रुपये. बाटलीचे 200. चार अभ्र्यांचे 160. एकूण 460 रुपये झाले.

"वहिनी, पिशवी खाली ठेवा. आधी घरात काय काय झाले ते सांगा," आम्ही म्हणालो.

त्यांनी सांगितले ते असे. मागच्या सोमवारी दहा वर्षांच्या मुलाला ताप भरला. खोकला होता, अंग दुखत होते. डॉक्टरांनी फ्लू सांगितला. गुरुवारी धाकट्या मुलीला ताप आला. शनिवारी मुलगा बरा झाला. मुलीचा ताप कालच उतरला, पण खोकला अजून आहे. घरात आजी आहेत. त्यांना दमा आहे. मुलगी रात्री आजीच्याच कुशीत झोपते.

हे ऐकले आणि आम्हाला पिशवीपेक्षा आजींची काळजी जास्त वाटली. का, ते पुढे पाहू.

तोच ताप स्वतःच्या ब्रशातून परत येतो का?

सर्दी आणि फ्लू हे विषाणूंमुळे होतात. विषाणू इतके लहान असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. ते नाकात व घशात वाढतात. आजारी माणसाच्या ब्रशावर ते लागतात, ही गोष्ट खरी आहे.

परंतु आजार बरा कसा होतो? आपले शरीर त्या विषाणूला ओळखू लागते आणि त्याला मारते. त्याची ओळख शरीर लगेच विसरत नाही. पहारेकऱ्याने एकदा चोर पकडला, की दुसऱ्या दिवशी तोच चोर आला तर पहारेकरी त्याला दारातच धरतो. तसेच हे आहे. म्हणून बरा झालेला माणूस आपल्याच ब्रशाने, त्याच विषाणूने, लगेच पुन्हा आजारी पडत नाही.

"मग पोरांना सारखी सर्दी कशी होते?" वहिनींनी विचारले.

प्रश्न बरोबर आहे. साध्या सर्दीचे विषाणू एक-दोन नाहीत, शंभराहून जास्त प्रकारचे आहेत. पुढची सर्दी बहुधा दुसऱ्या प्रकारची असते. ती दुसऱ्या माणसाकडून येते, आपल्या जुन्या ब्रशाकडून नव्हे.

मग ब्रशाचे भय कोणाला? घरातल्या ज्या माणसाला अजून आजार झाला नाही, त्याला. आजाऱ्याचा ओला ब्रश त्याच्या ब्रशाला टेकला, तर विषाणू इकडून तिकडे जाऊ शकतो. वहिनींच्या घरी पाचही ब्रश एकाच पेल्यात, एकमेकांना चिकटून उभे होते. चूक तेथे होती.

ब्रश

आम्ही पाचही ब्रश एकेक करून पाहिले. ब्रश पाठीच्या बाजूने पाहावा. पाठीमागून केस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले दिसले, तर ब्रश झिजला असे समजावे. असा ब्रश दात नीट साफ करीत नाही. तो आजार झाला नसता तरी बदलायचाच होता. साधारण तीन-चार महिन्यांनी ब्रशाची ही दशा होते. पाचांपैकी दोन तसे निघाले. बाकीचे तीन चांगले होते.

चांगला ब्रश असा धुवावा. आधी हात साबणाने धुवावेत. मग ब्रशाचे केस पाण्याच्या धारेखाली धरून अंगठ्याने चोळावेत. चिकटलेली पेस्ट सगळी निघाली पाहिजे. नंतर ब्रश झटकून, केस वर करून, वाऱ्याला उभा ठेवावा. ओला ब्रश डबीत किंवा टोपणात कोंडू नये. ओलाव्यात जंतू टिकतात. ब्रश उकळूही नये. त्याचे केस वाकडे होतात.

आजारी माणसाचा ब्रश मात्र आजार असेपर्यंत वेगळ्या पेल्यात ठेवावा. पेस्टच्या नळीचे तोंड त्याच्या ब्रशाला टेकवू नये.

वहिनींच्या आजी बोटाने मंजन लावतात. घरातले सगळे एकाच डबीत ओले बोट घालतात. हे ब्रशापेक्षा वाईट. मंजन डबीतून कोरड्या तळहातावर ओतून घ्यावे. उष्टे बोट डबीत घालू नये.

एक अपवाद सांगतो. कोणाला कर्करोगाचे औषध चालू असेल, किंवा दुसऱ्या कारणाने शरीराची ताकद फार कमी झाली असेल, तर त्याने आजारानंतर नवा ब्रश घ्यावा आणि डॉक्टरांना विचारावे. वीस रुपयांसाठी तेथे धोका पत्करू नये.

पाण्याची बाटली

आम्ही वहिनींना विचारले, "मुलीला ताप कसा आला असेल?"

वहिनी म्हणाल्या, "ती त्याच्याच बाटलीनं पानी पीत होती. तोंड लावून."

दोघे एकाच घरात वावरत होते, म्हणून खोकल्याच्या थेंबांतूनही ताप आला असेल. पण उष्ट्या बाटलीने विषाणूला सोपी वाट दिली हे नक्की. फ्लूचा विषाणू स्टील किंवा प्लॅस्टिकवर एक-दोन दिवस टिकू शकतो. म्हणून आजारात बाटली ज्याची त्यानेच वापरावी, किंवा वरून पाणी प्यावे.

पण बाटली टाकायची का? नाही, धुवायची. मात्र नुसते पाणी घालून खळबळणे म्हणजे धुणे नव्हे.

आम्ही बाटलीच्या तोंडात बोट घालून पाहिले. आत बुळबुळीत लागले. हा जंतूंचा थर असतो. तो फ्लूचा नव्हे, रोज नीट न धुतल्याचा. तो पाण्याने जात नाही, घासावा लागतो. गरम पाणी व भांड्यांचा साबण घालून लांब दांड्याच्या ब्रशाने घासावे. असा ब्रश नसेल तर मूठभर कच्चे तांदूळ, साबण आणि थोडे पाणी घालून टोपण लावावे व बाटली जोराने हलवावी. नंतर सगळे ओतून दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावे.

बाटलीपेक्षा घाण टोपणात जास्त असते. टोपणाच्या आत रबराची गोल चकती असते. ती बोथट चमच्याने काढावी. आम्ही काढली तेव्हा तिच्याखाली काळा मळ निघाला. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, हे तर कधी उघडलंच न्हाई!" चकती, टोपणाचे आटे आणि बाटलीचे तोंड साबणाने घासावे. मग बाटली उलटी व टोपण वेगळे ठेवून सगळे कोरडे होऊ द्यावे.

बाटली केव्हा टाकावी? ती चिरली असेल, आत खरचटून ओरखडे पडले असतील, किंवा नीट घासूनही वास जात नसेल, तेव्हा. चकतीचा काळेपणा घासूनही गेला नाही तर चकती किंवा टोपण बदलावे. विकतच्या पाण्याची पातळ बाटली पुन्हापुन्हा वापरण्यासाठी केलेली नसते. तिच्यात गरम पाणी घालून ती नीट धुताही येत नाही. वहिनींची बाटली धुतल्यावर स्वच्छ निघाली. ती ठेवली.

उशीचा अभ्रा

कापडावर फ्लूचा विषाणू फार वेळ टिकत नाही. साधारण आठ ते बारा तासांत तो बहुतेक मरतो. म्हणून अभ्रा जाळायची किंवा फेकायची गरज मुळीच नाही.

आजारपणात अभ्र्याला शेंबूड, लाळ व घाम लागतो. तेव्हा तो दिवसाआड तरी बदलावा. काढताना झटकू नये. गुंडाळून थेट धुण्यात टाकावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत. नेहमीच्या धुण्याच्या पावडरीने धुवावा. कापडाला चालत असेल तर गरम पाणी घ्यावे. मग कडक उन्हात पूर्ण वाळवावा. घरच्या इतर कपड्यांबरोबर धुतला तरी चालतो. रुमाल आणि टॉवेलही असेच धुवावेत. आजाऱ्याचा टॉवेल मात्र दुसऱ्याने वापरू नये.

कापसाची उशी धुता येत नाही. तिला दिवसभर ऊन द्यावे व मध्येच उलटावी. उशीला कुबट वास राहिला किंवा काळे ठिपके पडले, तर ती बुरशी समजावी. मग मात्र आतला कापूस बदलावा.

पिशवीचा हिशेब

पिशवीतल्या दहा वस्तूंपैकी दोनच बदलल्या, झिजलेले दोन ब्रश. खर्च 460 ऐवजी 40 रुपये झाला.

मग आम्ही म्हणालो, "वहिनी, आता खरे काम ऐका. मुलीचा ताप उतरला, पण आजार होऊन पाचवाच दिवस आहे. फ्लूचा माणूस आजार सुरू होण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. मुलांकडून तर त्याहूनही जास्त दिवस. तिला आजपासून आजींजवळ झोपवू नका. आजींचा पेला, टॉवेल, मंजन वेगळे करा. खोकताना तोंडावर रुमाल धरायला तिला शिकवा. आणि आजींना ताप आला किंवा धाप लागली, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. म्हातारपण आणि दमा असताना फ्लू जड जातो."

वहिनी उठल्या. पिशवी उचलीत म्हणाल्या, "म्हणजे मी टाकायला निघाले होते ते ठेवायचं, आणि जवळ ठेवलं होतं ते लांब करायचं!"

आम्ही म्हणालो, "अगदी बरोबर."

त्या रात्री मुलीचे अंथरूण आईजवळ पडले. आजींचा पेला वेगळ्या कोनाड्यात गेला. पुढच्या आठवड्यात आम्ही चौकशी केली. आजी ओट्यावर बसून शेंगा फोडीत होत्या.

प्रश्न

1. बरा झालेला माणूस आपल्याच ब्रशाने लगेच पुन्हा आजारी का पडत नाही?
2. ब्रश झिजला हे कसे ओळखाल? आज आपल्या घरचे ब्रश पाठीमागून पाहा.
3. आपल्या बाटलीच्या टोपणातली चकती काढून पाहा. तिच्याखाली काय निघाले?
4. वहिनींनी मुलीला आजींपासून दूर का झोपवले?