बांधाच्या भांडणातला जामीन अर्ज

चौतीस वर्षांचा शेतकरी, आजवर कोर्टाची पायरी न चढलेला. चुलतभावाने सामाईक बांधावर तारेचं कुंपण घातलं. दोघांत बाचाबाची झाली आणि दुसऱ्या दिवशी बावीस सिमेंटचे खांब व तार गायब. चुलतभावाच्या फिर्यादीवरून भारतीय न्याय संहितेच्या कलम 303(2), 329(3) आणि 352 खाली गुन्हा दाखल झाला. म्हणजे चोरी, फौजदारीपात्र अतिक्रमण आणि शिवीगाळ. आरोपीला अटक झाली, दोन दिवस पोलीस कोठडीही झाली.

हातात एफआयआर आली की सर्वांत आधी प्रत्येक कलम जामीनपात्र आहे का ते पाहा. इथे अतिक्रमण आणि शिवीगाळ जामीनपात्र आहेत. अडकवते ती चोरी. तिला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ती अजामीनपात्र आहे. म्हणून अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480 खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा. जुन्या अर्जाची नक्कल मारताना 437 तसंच राहून जातं. 1 जुलै 2024 नंतरच्या गुन्ह्यात ते खोडा. पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी झाली की त्याच दिवशी अर्ज दाखल करता यावा, एवढी तयारी आधीच हवी.

आता आरोपीच्या घरच्यांशी बोला. ‘पहिलाच गुन्हा’ हे वाक्य सगळेच लिहितात, म्हणून ते तपासूनच लिहावं. एखादी एनसी, प्रतिबंधक कारवाईची नोटीस, दारूबंदीची जुनी केस असं काही आहे का, हे दोनदा विचारा. पोलिसांच्या म्हणण्यात ते निघालं तर बाकीच्या अर्जावरचाही विश्वास उडतो. काही असेल तर आपणच सांगावं आणि निकाल काय लागला तेही लिहावं.

मग मसुदा. वर न्यायालयाचं नाव, गु.र.नं., पोलीस ठाणं, अर्जदार विरुद्ध महाराष्ट्र शासन. अटकेची तारीख आणि कोठडीचे दिवस एका परिच्छेदात. याच गुन्ह्यात दुसऱ्या कोणत्याही न्यायालयात जामीन अर्ज केलेला नाही किंवा प्रलंबित नाही, हे वाक्य विसरू नका.

खरी कसरत आधारांच्या परिच्छेदात असते. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो, आणि वस्तू किंवा जागा आपली आहे असं प्रामाणिकपणे मानून कोणी ती हलवली, तर तो हेतू उरत नाही. पण ‘खांब मी काढले, कारण बांध माझा आहे’ असं लिहिलंत, तर कबुलीच दिल्यासारखं होतं. म्हणून असं लिहावं: ‘फिर्यादीतील आरोप क्षणभर खरे धरले, तरी उभय पक्षांत बांधाच्या हद्दीबाबत दिवाणी वाद असल्याचे सोबतच्या सातबारा उताऱ्यावरून व मोजणीच्या अर्जाच्या पोचपावतीवरून दिसून येते.’ हे कागद मात्र खरोखर जोडा. ते नसतील तर दिवाणी वादाचं वाक्य पोकळ वाटतं.

दुसरा आधार अटकेचाच. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप करायची नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात 2014 मध्ये सांगितलं. कलम 35(3) ची हजर राहण्याची नोटीस दिली होती का, ते विचारा. दिलीच नसेल तर तसं नमूद करा. तिसरा आधार पंचनाम्यात सापडतो. इथे खांब आणि तार आरोपीच्या शेतातून जप्त झाले होते. म्हणजे हस्तगत करायचं काही उरलेलं नाही, हे तारखेसकट लिहा.

अटी आपणच सुचवाव्यात, पण तोलून. ‘अर्जदार वादग्रस्त गटात जाणार नाही’ असं नवखा वकील सहज लिहून देतो. गटात सोयाबीन उभं आहे! शिवाय उद्या दिवाणी दाव्यात समोरचा हेच वाक्य दाखवून ताबा आपला होता म्हणेल. त्याऐवजी ‘वादग्रस्त बांधाला व कुंपणाला हात लावणार नाही, फिर्यादीशी संपर्क ठेवणार नाही, तपासाला बोलावल्यास हजर राहील’ इतकं पुरे.

अर्ज दाखल झाला की सरकारी वकील व तपास अधिकाऱ्यांचं म्हणणं मागवलं जातं. त्यात साक्षीदारांवर दबाव आणेल, फरार होईल, हे ठरलेलं असतं. फरार होण्याला उत्तर आरोपीच्या सातबाऱ्यात आहे. दबावाला, फिर्यादीचा जबाब आणि पंचनामा आधीच झालेला आहे यात.

जामीनदार निकालाच्या दिवशी शोधायचा नसतो. त्याचं आधार, सातबारा किंवा घरपट्टी, आणि न्यायालय मागतं तिथे तहसीलचा ऐपतदार दाखला अगोदरच काढून ठेवा. आदेश दुपारी झाला आणि दाखला नसला, तर ती रात्र पोराला तुरुंगातच काढावी लागते. अर्ज फेटाळला गेला तर सत्र न्यायालयात कलम 483 खाली जाता येतं, मात्र तिथे पहिल्या पानावरच आधीचा अर्ज फेटाळल्याची तारीख लिहावी लागते.