दह्याच्या आइसकांडीतली साखर

चाकणच्या कारखान्यातले एक कामगार उन्हाळ्यात आपल्या मधुमेही वडिलांना घेऊन दवाखान्यात आले. साखर बरीच वाढली होती. "मामंजी गोड खातच नाहीत हो, फक्त नातवाच्या दह्याच्या आइसकांड्या खातात," सूनबाई म्हणाल्या. अर्धा किलो दह्यात त्या १५० ग्रॅम साखर घालीत व ६ कांड्या करीत. म्हणजे एकेका कांडीत २५ ग्रॅम, सुमारे ५ चमचे साखर!

एवढी साखर लागे, कारण दही आंबट असे. त्यातून गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. उन्हाळ्यात रात्री विरजलेले दही पहाटेपर्यंत आंबते. म्हणून ते सकाळी विरजावे व घट्ट लागताच फ्रिजमध्ये ठेवावे. मग फडक्यात बांधून तासभर फ्रिजमध्येच निथळावे. पाण्याबरोबर थोडा आंबटपणाही जातो. अशा दह्याला ५० ग्रॅम साखर पुरते, म्हणजे कांडीला ८ ग्रॅम. अर्थात आजोबांनी तीही आहारात मोजावी.

साखर कमी केली की बर्फ कडक होतो. वाटीत चमच्याने खायचे असेल तर हे खटकते; दर अर्ध्या तासाने मिश्रण घोटावे लागते. चोखायच्या कांडीला मात्र कडकपणा चालतो. दुधावरची साय काढावी, पण पूर्ण निःसाय दुधाची कांडी खडबडीत, पाणचट लागते. घरी गाईचे दूध असेल तर साय एकदाच काढलेली बरी.

बुरशीचा वा कुबट वास येणारे दही मात्र गोठवून सुधारत नाही. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते निपचित पडतात.