आठाचा तीन

निम्न तेरणा प्रकल्पाचं पाणी आलं आणि माकणीच्या शिवारात मोटारी वाढल्या. मोटारी आल्या की त्या जळणारही, म्हणून रिवायंडिंगची दुकानंही आली. अशाच एका दुकानाच्या मालकाकडे त्यांचा भाचा सुट्टीत हाताखाली असायचा. मुलगा हुशार, हात साफ. दहावीनंतर त्यानं आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड घेतला आणि रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटचा अभ्यास धरला. दोन्ही संगणकीय परीक्षा तो पास झाला. पुढची पायरी होती अभिक्षमता चाचणी. तिला जाताना डोळ्यांच्या डॉक्टरांचं ठरावीक नमुन्यातलं दृष्टी प्रमाणपत्र लागतं. ते आणायला मामा आणि भाचा सोबतच गेले.

दूरचं, जवळचं सगळं छान दिसत होतं. मग डॉक्टरांनी एक पुस्तक उघडलं.

त्या पुस्तकाच्या पानापानावर ठिपक्यांनी भरलेलं एक वर्तुळ असतं आणि ठिपक्यांतच एक अंक दडलेला असतो. शिनोबु इशिहारा या जपानी डॉक्टरांनी 1917 मध्ये प्रसिद्ध केलेली ही चाचणी आजही जगभर वापरतात. पहिल्या पानावरचा 12 सगळ्यांनाच दिसतो. समोरच्याला चाचणी कळली आहे ना, एवढंच त्यातून बघायचं असतं. भाच्यानं 12 वाचला. पुढच्या पानावर 8 होता, तो म्हणाला 3. मग 29 चे 70 झाले, 74 चे 21. मामा शेजारी बसून मनात बरोबर अंक वाचत होते.

“मला वाटलं पोरगं घाबरलंय,” मामा सांगतात. “मग डॉक्टरांनी एक पान काढलं, त्यात मला काहीच दिसंना. नुसते ठिपके. आणि हा पटकन म्हणाला, पंचेचाळीस. डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, ज्यांचे रंग बरोबर असतात त्यांना या पानावर काही दिसत नाही.”

शेवटी 26 चं पान आलं. तांबड्या रंगाची जाणीव कमी असलेल्याला त्यात फक्त 6 दिसतो, हिरव्याची कमी असलेल्याला फक्त 2. भाचा म्हणाला 2. सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हाच.

रंगांधळा म्हटलं की माणसाला जग काळंपांढरं दिसत असेल, असं लोकांना वाटतं. तसं फार क्वचित असतं. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन जातींच्या पेशी असतात. त्यातली तांबड्याची किंवा हिरव्याची जात नसली किंवा थोडी वेगळी असली, तर तांबडा, हिरवा, तपकिरी, नारिंगी हे रंग एकमेकांत मिसळतात. निळा आणि पिवळा मात्र स्वच्छ दिसतो. भाच्याचं इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही याचं कारण इथेच आहे. थ्री फेज मोटारीच्या केबलला लाल, पिवळी आणि निळी वायर असते, आणि या तिन्ही त्याला एकमेकींपासून वेगळ्या दिसत. गडबड व्हायची ती अर्थिंगच्या हिरव्या वायरची, तीही दुकानातल्या मंद उजेडात, वायर जुनी आणि मळलेली असली की. मामा म्हणायचे, “लक्ष दे जरा.” तो लक्ष देतच होता. चार्जरचा दिवा लाल आहे की हिरवा, हे तो नेहमी बहिणीला विचारायचा. तेही घरात आळशीपणात जमा झालं होतं.

घरी आल्यावर मामांना वडील आठवले. मिरची तोडायला गेले की हिरव्या झाडावरची पिकलेली लाल मिरची ते मागे ठेवून यायचे. आजी रागवायची, पोरं हसायची. शेवटी वडील पुढून आणि पोरं मागून अशी तोडणीची रीतच पडली. त्यांना काही कमी आहे, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाकडे एकच एक्स असतो आणि तो आईकडून मिळतो. तो सदोष निघाला की भरून काढायला दुसरा नसतो. मुलीकडे दोन असतात. एक बिघडलेला असला तरी दुसरा बहुधा सांभाळून घेतो, पण तो बिघडलेला एक्स ती पुढे देऊ शकते. वडिलांचा एक्स मामांना मिळालाच नाही, म्हणून मामांचे रंग शाबूत राहिले आणि वडिलांकडून आलेला हा दोष त्यांच्या मुलांपर्यंतही जाणार नाही. बहिणींना मात्र तो मिळणारच होता. त्यांच्या प्रत्येक मुलाला हा दोष असण्याची शक्यता निम्मी. आजोबांकडून नातवाकडे, मधल्या लेकीला काही न जाणवता तो जातो. म्हणून आईच्या वडिलांना किंवा आईच्या भावाला रंगांचा घोटाळा असेल, तर मुलाची तपासणी शाळेतच करून घ्यावी. अंक वाचता न येणाऱ्या लहानग्यांसाठी त्याच पुस्तकात बोटानं गिरवायच्या वळणदार रेषांची पानं असतात.

तपासणी कशी होते, यावरही लक्ष असू द्यावं. पुस्तक छापील हवं. मोबाईलच्या पडद्यावर रंग बदलतात, त्यामुळे तिथला निकाल धरून चालू नये. पान दिवसाच्या उजेडात, साधारण 75 सेंटिमीटरवर सरळ धरतात आणि उत्तराला तीनेक सेकंद देतात. काही मुलं पानांचा क्रमच पाठ करून जातात. डॉक्टर पानं उलटसुलट करतात आणि पाठांतर तिथंच उघडं पडतं. दोष आहे की नाही हे इशिहारा चांगलं सांगते, पण किती आहे ते नेमकं सांगत नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या असतात. कंदील चाचणीत अंधारात रंगीत दिव्याचा बारीक ठिपका दाखवून रंग विचारतात. रात्री लांबचा सिग्नल ड्रायव्हरला तसाच दिसतो.

रेल्वे इथे सूट देत नाही, आणि देऊही नये. लोको पायलटसाठी ए-1 हा सगळ्यात कडक वैद्यकीय वर्ग आहे आणि त्यात रंगदृष्टी लागतेच. या पदाच्या वैद्यकीय तपासणीत नापास झालेल्याला दुसरं पद मिळत नाही, हे जाहिरातीत लिहिलेलं असतं. पण ती ओळ वाचायची वेळ येते तेव्हा अभ्यासाची वर्षं खर्च झालेली असतात. रंगीत भिंगाच्या चष्म्यानं काही रंगांतला फरक ठळक होतो, दोष जात नाही. त्यावर उपचार अजून नाही.

याचा अर्थ सगळीच दारं बंद झाली असा नाही. रेल्वेतच कारकुनी पदं सी-2 वर्गात येतात, तिथे रंगदृष्टीची अट नाही. वाहन परवान्याचे नियम 2020 मध्ये बदलले. सौम्य आणि मध्यम दोष असलेल्यांना आता परवाना मिळू शकतो, तीव्र असलेल्यांना नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचं उदाहरण तर पाहण्यासारखं आहे. पाटण्याच्या आशुतोष कुमार यांची तिथे चित्रपट संकलनासाठी निवड झाली होती, पण रंगदृष्टीच्या कारणानं प्रवेश नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयानं तज्ज्ञांची समिती नेमली आणि 12 एप्रिल 2022 रोजी निकाल दिला, की संस्थेनं आपले सगळे अभ्यासक्रम अशा उमेदवारांना खुले करावेत. संकलकाला कथेची लय कळावी लागते, रंग दुरुस्त करायला वेगळा माणूस असतो. सिग्नल ओळखायला असा वेगळा माणूस इंजिनात ठेवता येत नाही. एखाद्या कामात रंग खरंच किती लागतो, हे असं एकेका कामापुरतं बघावं लागतं.

भाचा आता कारकुनी पदाचा अभ्यास करतो आणि दुकानही सांभाळतो. जुनी केबल सोडताना तो प्रत्येक वायरला अंक छापलेली प्लास्टिकची फेरूल चढवतो, आणि टेस्टर लावल्याशिवाय जोड देत नाही.

दिवाळीत मामांनी दोन्ही बहिणींच्या उरलेल्या मुलांना डॉक्टरांकडे नेलं. भाच्याच्या धाकट्या भावानं सगळे अंक बरोबर वाचले. मामांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा चौथीत आहे. त्यानं 12 वाचला, पान उलटलं आणि 8 ला तो 3 म्हणाला. घरी परतल्यावर त्याच्या आईनं रंगपेटी घेतली, आणि प्रत्येक खडूच्या कागदावर बॉलपेनानं रंगाचं नाव लिहिलं.