रिकाम्या रकान्यातलं नायट्रेट

अक्कलकुवा तालुक्यात सातपुड्याच्या कुशीतल्या एका पाड्यावरून हातपंपाच्या पाण्याची बाटली आमच्या प्रयोगशाळेत आली. आयन क्रोमॅटोग्राफनं तिचा अहवाल दिला. क्लोराइडचा आकडा होता, पण नायट्रेट आणि सल्फेटचे रकाने रिकामे होते. ‘आढळले नाही’ असं लिहून मी सही करणारच होते. त्या बाटलीनं जे शिकवलं, ते हे.

१. यंत्र नायट्रेटला ओळखत नाही, त्याच्या येण्याच्या वेळेला ओळखतं. आमच्या कॉलमवर क्लोराइड पाचव्या मिनिटाच्या थोडं आधी, नायट्रेट आठव्या आणि सल्फेट बाराव्या मिनिटाच्या सुमारास बाहेर पडतं. त्या वेळेच्या आसपास पीक आला तर सॉफ्टवेअर नाव देतं, नाही तर रकाना मोकळा सोडतं. इतकी वर्षं मी छापलेला तक्ताच वाचत होते. त्या दिवशी आलेख उघडला, तर साडेआठ मिनिटांवर एक ठसठशीत पीक बिननावाचा उभा होता. सल्फेटही दीड मिनिट उशिरा आलं होतं.

२. सपाट बेसलाइन पाहून मी निर्धास्त झाले, ही माझी चूक. कॉलममधून सतत वाहणारं इलुएंट म्हणजे सोडियम कार्बोनेट-बायकार्बोनेटचं द्रावण. ते स्वतःच वीज इतकी वाहून नेतं की त्यात आयनांची खूण बुडून जावी. सप्रेसर त्यातलं सोडियम काढून त्या जागी हायड्रोजन आयन देतो. मग कार्बोनेटचं जेमतेम वीज वाहणारं कार्बोनिक आम्ल होतं, तर नायट्रेटचं सणसणीत वाहणारं नायट्रिक आम्ल. म्हणून पीक उठून दिसतो. पडदा सुकला किंवा सप्रेसर थकला, की पार्श्वभूमीची वाहकता चढते आणि रेषा थरथरते. त्या दिवशी तसं काहीच नव्हतं. पण सप्रेसर कॉलमच्या पुढे बसतो. आयन कॉलममधून वेळेवर सुटले की नाही, हे त्याची शांत रेषा कशी सांगणार?

३. दोष पाण्यात शोधत होते, तो माझ्या बाटलीत होता. इलुएंट बरेच दिवसांचं होतं आणि झाकण सैल. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत विरघळला, की थोडं कार्बोनेट बायकार्बोनेट होऊन बसतं आणि इलुएंटचा रेटा कमी होतो. दोन ऋणभार असलेलं सल्फेट कॉलमला घट्ट धरून असतं, म्हणून तेच सगळ्यात जास्त रेंगाळतं. क्लोराइड जेमतेम हललं होतं, त्यामुळे त्याचा आकडा बिनबोभाट छापला गेला. आता मी सकाळी स्टँडर्ड सोडलं की आधी सल्फेटची वेळ बघते.

४. अंदाज कितीही पटला तरी नायट्रेटला हाक मारून बघावी लागते. ताजं इलुएंट भरलं, नमुना पाचपट पातळ केला. नायट्रेट लिटरला ११.८ मिलिग्रॅम आलं. मग त्याच पातळ नमुन्यात लिटरला ५ मिलिग्रॅम नायट्रेट मुद्दाम घातलं. आकडा १६.६ झाला, म्हणजे घातलेल्या पाचांपैकी ४.८ परत मिळाले, ९६ टक्के. पीक त्याच जागी उंचावला, बाजूला खांदा फुटला नाही. दुसरा कुणी असता तर तो तिथे दिसला असता. मूळ पाण्यात ११.८ गुणिले ५, म्हणजे लिटरला ५९ मिलिग्रॅम नायट्रेट होतं.

५. एककाचं नाव गाळलं, तर खरा आकडाही खोटं बोलतो. भारतीय मानक आय. एस. १०५०० मध्ये नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. पण ही मर्यादा अख्ख्या नायट्रेटची. काही स्टँडर्डच्या बाटल्यांवर नुसत्या नायट्रोजनचा आकडा असतो. त्या हिशेबानं आमचे ५९ भागिले ४.४३, म्हणजे साधारण १३.३ झाले असते. ते कुणी ४५ शेजारी ठेवले असते, तर दूषित पाणी निर्मळ ठरलं असतं.

६. पीक नायट्रेट किती ते सांगतो, कुठून आलं ते नाही. काळ्या खडकाच्या भेगांतून शेणखताच्या ढिगाचं, शोषखड्ड्याचं किंवा शेतातल्या युरियाचं नायट्रेट सारखंच झिरपतं. सोबत क्लोराइडही चढलेलं असेल तर मी सांडपाण्याचा संशय घेते, पण तो संशयच. पंपाभोवती कुणीतरी फिरून पाहावं लागतं. या नायट्रेटला रंग नाही, वास नाही आणि पाणी उकळलं तर ते जात नाही, उलट दाट होतं. धोका सर्वांत जास्त बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला. त्या पाड्यावरची एखादी आई दूध कालवण्यासाठी पाणी नीट उकळून घेत असेल, तिला यातलं काहीच दिसणार नव्हतं. दिसलं असतं ते फक्त माझ्या कागदावर, आणि तिथे मी रकाना रिकामा ठेवायला निघाले होते.