खरेदीदारांपुढे लोणच्याची मांडणी : बोलण्याचा आरंभ कसा करावा

श्रीगोंदे व कर्जत या तालुक्यांत ज्यांच्या कागदी लिंबाच्या बागा आहेत, त्यांस आंबे बहाराची अडचण ठाऊक आहे. माघ-फाल्गुनातील फुलोऱ्याचे फळ पावसाळ्यात एकदम उतरते, उन्हाळ्यातली मागणी तोवर सरलेली असते, आणि गोणीचा भाव तोडणीच्या मजुरीसही पुरत नाही. अशा वेळी घरातील स्त्रियांच्या बचत गटाने त्या लिंबांचे लोणचे घालावे हा मार्ग आता पुष्कळ गावांनी धरला आहे. लोणचे घालणे त्यांस शिकवावयास नको. अडते ते पुढे, म्हणजे चार-पाच खरेदीदार एका टेबलाशी बसलेले असतात व गटाच्या प्रतिनिधीस बोलावयास दहा मिनिटे मिळतात, तेथे. त्या दहांपैकी पहिल्या दोन मिनिटांचाच विचार या लेखात केला आहे.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात जिल्हा परिषदेतर्फे भरणाऱ्या साईज्योती प्रदर्शनात किंवा मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये ज्या गटांनी दुकान मांडले आहे, त्यांस विक्रीचा अनुभव असतो. परंतु तो येथे थोडा फसवा ठरतो. प्रदर्शनातील गिऱ्हाईक एक बरणी घेते. ती आवडली तर उत्तम, न आवडली तर त्याचे फारसे बिघडत नाही. दुकानाचा किंवा वसतिगृहाच्या खानावळीचा खरेदीदार मात्र जिभेने चाखत असला तरी मनात दुसराच हिशेब करीत असतो. आज समोर ठेवलेला नमुना चांगला असणार हे तो गृहीतच धरतो; वाईट नमुना कोण आणील? त्याची भीती दुसऱ्या खेपेविषयी असते. ती खेप वेळेवर येईल काय, आणि आली तर याच चवीची असेल काय, हा प्रश्न तो विचारीत नाही, पण त्याचे उत्तर मिळेपर्यंत बाकीचे भाषण त्याच्या कानावरून जाते.

यास्तव आरंभ या भीतीपासून करावा. आपल्याकडील नेहमीचा आरंभ निराळा असतो. मान्यवरांचे आभार, गटाच्या स्थापनेची हकीकत, भगिनींनी सोसलेले कष्ट, आणि शेवटी ‘आमचे लोणचे घरगुती व शुद्ध आहे’ हे वाक्य. यात खोटे काही नसते. परंतु त्याच दिवशी त्याच टेबलापुढे आलेला प्रत्येक गट हेच बोलून गेलेला असतो, आणि कष्टांचे वर्णन ऐकून खरेदीदार फार तर दोन बरण्या विकत घेतो, मागणी नोंदवीत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. बाराजणींचा गट आहे असे समजू. एका वेळी २५ किलो लिंबे व ५ किलो मीठ असे माप धरून त्या लोणचे घालतात. व्यापारी यास एक बॅच म्हणतात. बिया व डागी फोडी काढून, मसाला मिळवून सुमारे २८ किलो लोणचे हाती येते, म्हणजे ४०० ग्रॅमच्या ७० बरण्या. महिन्यास चार बॅच झाल्यास २८० बरण्या. खरेदीदारांची बैठक डिसेंबरात आहे. गटाच्या बाईने पुढीलप्रमाणे बोलावे :

‘नमस्कार. आपल्यापुढच्या बशीत लिंबाच्या लोणच्याच्या दोन फोडी आहेत. डावीकडची जुलैच्या बॅचमधली, उजवीकडची सप्टेंबरच्या. कृपा करून दोन्ही चाखून पाहा.’ (येथे गप्प राहावे. मंडळी चाखून होईपर्यंत एक शब्दही बोलू नये.) ‘दोन महिन्यांच्या अंतरानं घातलेल्या या फोडी आहेत. आम्ही श्रीगोंदे तालुक्यातल्या बाराजणी. लिंबं आमच्याच बागांतली. दर बॅचला २५ किलो लिंबं आणि ५ किलो मीठ, हे माप बदलत नाही. बॅचचा क्रमांक प्रत्येक बरणीवर लिहिलेला असतो. पावसाळ्यात महिन्याला २८० बरण्या घालतो. तयार माल आज किती शिल्लक आहे तो आकडा या कागदावर आहे. त्याहून जास्त मी आज कबूल करणार नाही.’

एवढे बोलावयास दोन मिनिटेही लागत नाहीत. यातील शेवटचे वाक्य ऐकून पुष्कळ गृहस्थ बिचकतील. आपणहून मर्यादा कशास सांगावी असे त्यांस वाटेल. आमच्या मते सबंध आरंभात तेच वाक्य सर्वांत वजनदार आहे. जो विक्रेता ‘पाहिजे तेवढे देऊ’ म्हणतो, त्याच्या पहिल्या चुकलेल्या खेपेनंतर खरेदीदार परत येत नाही, आणि हे खरेदीदारास पुरते ठाऊक असते.

दोन फोडींची ही युक्ती अर्थात दोन्ही बॅच खरोखर सारख्या असतील तरच करावी. घरी आधी पारख करून पाहावी. लोणचे कडवट लागत असेल तर चिरताना बिया कापल्या गेल्या आहेत किंवा हिरवी, अपक्व फळे मिसळली आहेत असे समजावे. वर पांढरा थर दिसल्यास थोडा चमच्याने काढून पाण्यात टाकावा. विरघळला तर ते मिठाचे खडे, न विरघळता तरंगत राहिला तर ती बुरशी, आणि मीठ कमी पडले अथवा फोडी रसाच्या वर उघड्या राहिल्या हे तिचे कारण. झाकण फुगलेली बरणी तर बैठकीच्या गावीही नेऊ नये. एकच बॅच तयार असेल तर एकच फोड ठेवावी व मापाची वही पुढे करावी. दोन बॅच असल्याचे सोंग तिथल्या तिथे उघडे पडते, कारण साल किती मुरली आहे यावरून जाणता मनुष्य लोणच्याचे वय ओळखतो.

आणखी एक परीक्षा खरेदीदार टेबलावरच करतो. तो बरणी चाळणीवर उलटी करतो व फोडी वजन करून पाहतो. अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांप्रमाणे लोणच्यात निथळलेल्या फोडींचे वजन शेकडा ६० हून कमी असता कामा नये. म्हणजे ४०० ग्रॅमच्या बरणीत निदान २४० ग्रॅम फोडी हव्यात. तेलाविना लिंबाच्या रसात मुरविलेल्या लोणच्याची आम्लता शेकडा १.२ पेक्षा कमी नसावी असेही त्यात आहे. लिंबे मिठात रस फार सोडतात, त्यामुळे पळीने सरसकट भरल्यास काही बरण्यांत रसच अधिक जातो. यास्तव प्रथम फोडी तोलून घालाव्यात व मग रस ओतावा. आम्लतेचा प्रयोगशाळेचा दाखला आणि अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक बरोबर ठेवावा, पण आरंभी त्यांचा उच्चार करू नये; विचारल्यावर पुढे केलेला कागद अधिक काम करतो.

भाव आरंभी सांगावा की नाही याविषयी मतभेद आहे. आमचे मत असे की न विचारता सांगू नये, मात्र विचारताच एका दमात सांगावा. ‘आपणच ठरवा’ हे उत्तर नम्रतेचे असले तरी त्यातून गटाने लिंबे, मीठ, बरणी, मजुरी व वाहतूक यांचा हिशेब मांडलेला नाही असाच अर्थ निघतो.

बोलणारी कोण असावी? लोणचे घालणाऱ्यांपैकीच एक. घरचे कर्ते पुरुष किंवा लिहिता-वाचता येणारा मुलगा सफाईने बोलतो हे खरे, पण ‘मीठ कोणत्या दिवशी ढवळता?’ असा प्रश्न आला की तो मागे वळून पाहतो. त्या बाईने आठ दिवस आधीपासून घड्याळ पुढे ठेवून, हातात बशी घेऊन हा आरंभ रोज म्हणून पाहावा. चाखण्यासाठी थांबावयाचा वेळही त्यात धरावा, कारण बैठकीत सर्वांत कठीण जाते ते तेवढे गप्प राहणेच.