आधी भिंत, मग माइक

बंगळूरच्या प्रदर्शनांत कलावंताची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे कसं आलं, ते आता आठवत नाही. मराठी येतं, कन्नड येतं आणि माइक हातात आल्यावर हात थरथरत नाही, एवढी पात्रता बहुधा पुरली असावी. पहिल्याच वेळी मी चौदा मिनिटं बोललो. कलावंताचं शिक्षण, पुरस्कार, देशविदेशातली प्रदर्शनं असं सगळं सांगून झाल्यावर खाली बसलो, तेव्हा लक्षात आलं की समोरच्या साठ जणांची पाठ चित्रांकडे होती. भाषणं संपली आणि माणसं थेट चहाकडे वळली. पुढच्या वीस वर्षांत जे सुचलं, सुधारलं आणि फसलं, ते खाली लिहितोय.

१. खुर्च्या आधी मांडू देऊ नका. मांडलेली खुर्ची दिसली की माणूस बसतो, आणि एकदा बसला की मुख्य पाहुणे येईपर्यंत उठत नाही. मी खुर्च्या कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवायला सांगतो. ज्येष्ठांसाठी सहा-सात खुर्च्या सुट्या ठेवतो, पण त्या भिंतीकडे तोंड करून, प्रत्येक चित्रापासून सातेक फुटांवर. माइकचा स्टँडही शेवटपर्यंत आत आणत नाही. माइक दिसला की लोक त्याच्या आजूबाजूला घोळका करतात. चहा-बिस्किटांचं टेबल बाहेर ठेवायचं, हे वेगळं सांगायला नको, तरी दर वेळी सांगावं लागतं.

२. ओळख करून देणाऱ्याने आदल्या दिवशी एकट्याने चित्रं पाहावीत. परिचयपत्र वाचून बोललं की ते परिचयपत्रासारखंच ऐकू येतं. मला हे कळलं ते कस्तुरबा रोडवरच्या वेंकटप्पा आर्ट गॅलरीत. के. वेंकटप्पा (१८८६–१९६५) म्हैसूर दरबाराच्या आधाराने कोलकात्याला गेले, अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकले, पुढे वीणेतही रमले. हे सगळं मला पाठ होतं. पण त्यांच्या प्लास्टरमधल्या उथळ उठावचित्रांसमोर उभा राहिलो तेव्हा काहीच दिसेना, सगळं सपाट पांढरं. दोन पावलं डावीकडे सरकलो आणि कडेने येणाऱ्या उजेडात बोटं, वस्त्राच्या चुण्या एकदम वर आल्या. सांगण्यासारखं वाक्य एवढंच होतं: ‘डावीकडे दोन पावलं सरका.’ ते कुठल्याच परिचयपत्रात नव्हतं.

३. पाहायला सांगताना एकच काम द्या, अर्थ देऊ नका. ‘शांतपणे आस्वाद घ्या’ असं म्हटलं की लोक फोन काढतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये स्मिथ दांपत्याने प्रेक्षकांवर घड्याळ लावून पाहिलं होतं. २००१ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात एका कलाकृतीसमोर लोक सरासरी सत्तावीस सेकंद थांबले होते, आणि निम्मे तर सतराच्या आत निघाले होते. तिथे ही गत, तर सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमधून आलेल्या माणसाला काय बोलणार!

एक उदाहरण सविस्तर सांगतो. बेळगावकडची एक चित्रकर्ती, चाळिशीची. तिची बावीस वुडकट लावली होती. जुन्या पेटेतल्या गल्ल्या आणि रेन ट्री. पद्धत रिडक्शनची, म्हणजे लाकडाचा ठसा एकच. आधी जे पांढरं राहायला हवं ते कोरून काढायचं आणि पिवळा छापायचा. मग जे पिवळं राहायला हवं तेही कोरून काढायचं आणि त्याच कागदांवर हिरवा छापायचा. असं करत गडद रंगाकडे जायचं. शेवटी ठशावर फक्त काळ्यापुरतं लाकूड उरतं. मागे जाता येत नाही, एक प्रतही वाढवता येत नाही. रेन ट्रीच्या एका चित्रासाठी तिने बारा कागदांनी सुरुवात केली होती, तीन मधल्या रंगांत बिघडले, म्हणून चित्राखाली पेन्सिलने ४/९ लिहिलेलं. याचा अर्थ ‘नऊपैकी चौथी प्रत’, हे बहुतेकांना माहीत नसतं. आमच्या एका स्नेह्यांना तर ती तारीख वाटली.

आदल्या दिवशी बघताना मला त्याच चित्रात एका फांदीच्या उजव्या कडेला केसाएवढा हिरवा धागा दिसला. काळा छापताना कागद किंचित सरकला होता. मी विचारलं, तर ती म्हणाली, ‘काका, ती चूक आहे, लोकांना दाखवू नका.’ मी म्हटलं, दाखवणार नाही, शोधायला लावणार. थोडी कुरकुर करून ती तयार झाली.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता दारातच, माइकशिवाय, कन्नडमध्ये म्हटलं, ‘मोदलु नोडोण, आमेले मातु.’ मग मराठीत, ‘आधी पाहू, नंतर बोलू. पंधरा मिनिटं आहेत. खालचा रंग वरच्या रंगाखालून जिथे डोकावतोय अशी एक जागा प्रत्येकाने शोधायची. काचेत आपलाच चेहरा दिसला तर जरा बाजूला व्हा.’ एवढंच. ठसा, कोरणं, प्रती यांतलं काहीही सांगितलं नाही. पाचव्या मिनिटाला लोक चित्राच्या वीतभर अंतरावर वाकलेले. एक शाळकरी मुलगा आईला ओढून म्हणत होता, ‘इथे पण आहे!’ त्यानंतर जेव्हा मी ठसा कसा संपत जातो ते सांगितलं, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तो धागा होता. चार मिनिटांत भाषण झालं. नंतर प्रश्न विचारले गेले ते किमतीचे नव्हते, म्हणजे किमतीचेही होते, पण आधी कागद कुठला हे विचारलं गेलं.

४. मुख्य पाहुणे उशिरा येणार हे धरून चाला. तो उशीर तुमच्या कामाचा आहे. पण ते आले की लगेच समई, शाल, म्हैसूर पेटा, फळांची परडी ही गाडी सुटते. एकदा मी एका पाहुण्यांना दारातूनच थेट एका चित्राकडे नेलं आणि सांगितलं, ‘सर, दोन मिनिटं.’ आयोजकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरलेलो नाही. पण पाहुण्यांच्या भाषणात त्या चित्राचा उल्लेख आला, आणि तयार कागद खिशातच राहिला. तेव्हापासून आयोजकांना आधी विचारून ठेवतो.

५. कलावंताच्या नावाचा उच्चार कलावंतालाच विचारा. बाकी परिचय पाच वाक्यांत.

६. हे सगळीकडे जमत नाही. शंभराच्या वर माणसं आली की भिंत दिसतच नाही. तिथे मी सरळ दोन तुकड्या करतो, एक आत, एक अंगणात. जलरंगांची कामं असतील तर उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, ज्येष्ठांना बारकावा दिसत नाही. तिथे शोधायला मोठा आकार द्यावा लागतो. आणि कधी कधी कलावंतालाच हे आवडत नाही. एका ज्येष्ठ चित्रकारांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, ‘माझ्या चित्रात शोधायला काही नाही, उभं राहायला आहे.’ त्या संध्याकाळी मी कामच दिलं नाही. दारात फक्त म्हटलं की पंधरा मिनिटांनी मी घंटा वाजवीन. निम्मे लोक दहाव्या मिनिटाला चहाकडे गेले.

वुडकटवाल्या चित्रकर्तीचा नंतर फोन आला. चौथी प्रत विकली गेली होती. घेणाऱ्या बाईंनी पाचवी, जिच्यात कागद सरकला नव्हता, ती दाखवूनही नको म्हटलं होतं.