"चहाची टपरी" एवढ्यावर बिझनेस प्लॅन होत नाही



"चहाची टपरी टाकायचीय, प्लॅन बनवून द्या" असा मेसेज आला, की आमचा पहिला प्रश्न असतो: नेमकी कुठे? बदलापूर स्टेशनला सकाळी गाडी पकडणाऱ्यांची आणि संध्याकाळी परतणाऱ्यांची गर्दी, दुपार रिकामी. अंबरनाथ एमआयडीसीत कारखान्याच्या पाळीवर धंदा. उल्हासनगरच्या बाजारात दुकानदार बसल्या जागी चहा मागवतो, म्हणजे पोचवायला माणूस लागणार. जागा कोणाची, तेही लिहा: रेल्वेची, एमआयडीसीची, नगरपालिका-महापालिकेची की खाजगी? परवानगी कुठे मागायची ते त्यावरच ठरतं.

दुसरं, रोज किती कप जातील? अंदाज नको. त्याच जागेजवळच्या चालू टपरीवर एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस उभं राहून गिऱ्हाईक मोजा. नवीन टपरीला पहिल्या दिवसापासून तेवढं गिऱ्हाईक मिळणार नाही, हेही धरा.

आता हिशोब. दर उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. एक लिटर दूध ६० रुपये. त्यात अर्धा लिटर पाणी, चहा पावडर १२, साखर ५, आलं ३, गॅस ६ आणि कागदी कप १४. झाले १०० रुपये. उकळून, सांडून ७० मिलीचे साधारण १८ कप मिळतात. म्हणजे कपाला साडेपाच रुपये खर्च. १० रुपयांना विकला तर साडेचार उरतात.

रोजचा ठरलेला खर्च: पोऱ्याची मजुरी ४००, जागाभाडं १५०, कर्जाचा हप्ता ५०, पाणी-साफसफाई ५०. एकूण ६५०. तो भागवायलाच १४५ कप लागतात. स्वतःची ५०० रुपये मजुरी धरली तर २५६.

आपल्या लोकांचं गणित बहुतेक वेळा दुधात चुकतं. "दूध घरच्या म्हशीचं, त्याला कुठे पैसे लागतात?" असं म्हणून दूध शून्य धरलं, तर १५० कपांतच ५०० रुपये मजुरी सुटल्यासारखी दिसते. पण त्या १५० कपांना सव्वाआठ लिटरच्या वर दूध गेलं. रतिबाला घातलं असतं तर त्याचेच ५०० आले असते! टपरीने खरे कमावले २५ रुपये. म्हणून दूध रतिबाच्या दरानेच लिहा.

पावसाळ्याचे दिवस वेगळे धरा. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, आठवतंय ना? लोकल बंद तर स्टेशनचा चहा बंद, भाडं मात्र चालूच.

तर जागा, जागेचा मालक, दोन दिवसांची मोजणी, दुधाचा रतिबाचा दर आणि भाडं एवढं लिहून याच नंबरवर पाठवा. मग प्लॅनला बसू.